सहा तासांच्या सुट्टीने सर्व्हर कायमचा मागे का पडतो?

ऑनलाइन खरेदीची ऑर्डर नोंदवणारा डेटाबेस सहसा एकाच सर्व्हरवर ठेवत नाहीत. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये तर किमान तीन सर्व्हरांचा गट करण्याचा रिवाजच आहे. त्याला रेप्लिका सेट म्हणतात. त्यातला एक सर्व्हर प्रायमरी असतो आणि सगळं लिखाण त्याच्यावर होतं. बाकीचे दोन सेकंडरी. ते प्रायमरीची तंतोतंत नक्कल ठेवतात. प्रायमरी बंद पडला तर त्यांच्यातला एक त्याची जागा घेतो आणि ग्राहकाला काही कळतही नाही.

ही नक्कल ऑपलॉग नावाच्या नोंदवहीवर चालते. प्रायमरीवर काही बदललं की त्याची नोंद ऑपलॉगमध्ये होते, सेकंडरी ती वाचतात आणि तोच बदल आपल्याकडे करतात. मात्र ऑपलॉगचा आकार ठरलेला असतो. तो भरला की सर्वांत जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि नव्यांना जागा होते. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंग नव्याखाली जातं, तसंच. सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या नोंदीमध्ये जितका वेळ असतो, त्याला ऑपलॉग विंडो म्हणतात. सेकंडरी त्याहून जास्त मागे पडला तर त्याला हवी असलेली पुढची नोंद पुसलेली असते. मधला दुवा निसटल्यावर पुढचे बदल करण्यात अर्थ नसतो, म्हणून तो थांबतो. अशा सर्व्हरला स्टेल झालेला म्हणतात.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, एका कंपनीचा २ टीबीचा डेटाबेस आहे आणि ऑपलॉग ४० जीबीचा. रोजच्या कामात ऑपलॉगमध्ये तासाला सुमारे १ जीबी नोंदी होतात. म्हणजे विंडो ४० तासांची. एका सेकंडरीची डिस्क बदलायची आहे. त्याला जुन्या डेटासकट नव्या डिस्कवर न्यायला सहा तास लागतील. ४० तास हाताशी असताना सहा तासांची काळजी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. रात्री १० वाजता तो सर्व्हर बंद केला जातो.

त्याच रात्री ११ वाजता दुसऱ्या टीमचं एक काम सुरू होतं. जुन्या १० कोटी ऑर्डरींवर ‘संग्रहित’ असा शिक्का मारायचा आहे. प्रोग्रॅममध्ये ही एका ओळीची आज्ञा आहे, पण ऑपलॉगमध्ये ती एक नोंद होत नाही. कोणत्या ऑर्डरीत नेमका काय बदल झाला, हे प्रत्येक ऑर्डरीसाठी वेगळं लिहिलं जातं. नोंद पुन्हा लागू केली तरी निकाल तोच यावा, यासाठी ही पद्धत आहे. एक नोंद ४०० बाइटची धरली तरी १० कोटी नोंदींचे ४० जीबी झाले. हे काम साडेतीनपर्यंत चालतं आणि त्या वेळात ऑपलॉगमध्ये तासाला जवळजवळ १० जीबी ओतले जातात.

पहाटे ४ वाजता सेकंडरी ठरल्याप्रमाणे परत येतो. त्याची शेवटची नोंद रात्री १० ची आहे. तोवर ऑपलॉगमध्ये एकूण सुमारे ४६ जीबी लिहून झालेत, म्हणजे पहिले ६ जीबी पुसले गेलेत. उरलेल्यातली सर्वांत जुनी नोंद साडेअकराच्या सुमाराची आहे. ४० तासांची विंडो साडेचार तासांवर आली आणि फक्त दीड तासाच्या नोंदी हरवल्या म्हणून सर्व्हर कामातून गेला. लॉगमध्ये `too stale to catch up` असा संदेश दिसतो आणि `rs.status()` मध्ये त्याची अवस्था `RECOVERING` अशी दिसते. या नावाने भले भले फसतात. तो सावरतोय असं समजून लोक वाट पाहत बसतात, पण त्याला हवी ती नोंद गटातल्या कोणाकडेच उरली नसेल तर तो आपोआप कधीच सावरत नाही. दुसऱ्या एखाद्या सर्व्हरचा ऑपलॉग मोठा असेल तरच त्याच्याकडून वाचून तो मार्गी लागतो.

मोंगोडीबीच्या ४.० आवृत्तीपासून ऑपलॉग गरज पडल्यास ठरल्या आकाराबाहेर वाढतो, हे ऐकून काही जण निर्धास्त राहतात. ती वाढ बहुसंख्य सर्व्हरांपर्यंत न पोचलेल्या नोंदी जपण्यासाठी असते. आपल्या उदाहरणात उरलेले दोन सर्व्हर नीट चालले होते आणि तिघांत दोन म्हणजे बहुमत झालंच. तिसऱ्यासाठी ऑपलॉग थांबला नाही.

स्टेल झाल्यावर ऑपलॉग वाढवणं म्हणजे वरातीमागून घोडं. पुसलेल्या नोंदी त्याने परत येत नाहीत. मग सरळ उपाय एकच: त्या सर्व्हरचा डेटा रिकामा करून त्याला सगळं नव्याने घ्यायला लावायचं. याला इनिशियल सिंक म्हणतात. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने २ टीबीच्या नुसत्या कॉपीला साडेपाच तास लागतात, आणि इंडेक्स बांधण्याचा वेळ वेगळा. ज्याच्याकडून कॉपी होते त्या सर्व्हरवरही भार पडतो. दुसरा मार्ग चालू सर्व्हरच्या डिस्कचा स्नॅपशॉट आणून बसवण्याचा. तो बहुधा लवकर होतो, पण स्नॅपशॉट विंडोच्या आतला हवा, नाहीतर पुन्हा तेच. तोवर कंपनी दोन सर्व्हरांवर चालते. त्यातला एक पडला तर बहुसंख्य सर्व्हरांच्या पोचपावतीची वाट पाहणारं लिखाण अडकून पडतं.

म्हणून सर्व्हर बंद करण्याआधी प्रायमरीवर ही आज्ञा द्यावी:

```
rs.printReplicationInfo()
```

उत्तरात `log length start to end` समोर आजची विंडो तासांत दिसते. पण हा आकडा सरलेल्या काळाचा आहे, येणाऱ्या रात्रीचा नाही. आपण मोजायचं ते सर्वांत जास्त लिखाणाच्या तासाचं. तासाला १० जीबी हा कळस असेल आणि दुरुस्तीला सहा तास लागणार असतील, तर ६० जीबी हा किमान आकार झाला. दुरुस्ती लांबू शकते आणि परतल्यावर सेकंडरीला मागचं भरून काढायलाही वेळ लागतो. म्हणून दुप्पट, १२० जीबी धरावेत. मोंगोडीबी स्वतः ठरवतो तो आकार सुरुवातीच्या मोकळ्या डिस्कच्या ५ टक्के असतो आणि ५० जीबीच्या वर जात नाही. धंदा दसपट वाढला तरी तो आकडा तिथेच राहतो.

वाढवायला सर्व्हर बंद करावा लागत नाही:

```
db.adminCommand({
  replSetResizeOplog: 1,
  size: Double(122880),
  minRetentionHours: 12
})
```

आकार एमबीमध्ये असतो. शेवटची ओळ ४.४ आवृत्तीपासून चालते. ऑपलॉग भरला तरी १२ तासांच्या आतली नोंद पुसू नये, असा तिचा अर्थ. मात्र त्यामुळे ऑपलॉग कितीही फुगू शकतो, तेव्हा डिस्कवर लक्ष हवं. ही आज्ञा एकीकडून दुसरीकडे पोचत नाही, प्रत्येक सर्व्हरवर वेगळी द्यावी लागते.

सेकंडरी मागे पडताना दिसला आणि अजून विंडोच्या आत असला, तर कारण शोधत बसण्याआधी प्रायमरीचा ऑपलॉग वाढवा. कारण नंतरही शोधता येतं, पुसलेली नोंद मात्र मिळत नाही. आणि पुढच्या वेळी दुरुस्तीची रात्र ठरवताना दुसऱ्या टीमला एक प्रश्न विचारा: त्या रात्री तुमचं मोठं काम आहे का?