खिचडीचा गॅस कधी बंद झाला?

अन्नसुरक्षेच्या परीक्षेत एक प्रश्न फिरून फिरून येतो: 'एका शाळेत मध्यान्ह भोजनासाठी ४०० मुलांची मूगडाळ खिचडी शिजते. तिचा हॅसॅप आराखडा लिहा.' पेपर तपासताना उत्तरं पाहिली की गंमत वाटते. हात धुणं, टोपी घालणं, तांदूळ निवडणं, भांडी घासणं, जे जे सुचेल ते सगळं 'निर्णायक नियंत्रण बिंदू' म्हणून लिहिलेलं असतं. एका पठ्ठ्याने असे चौदा बिंदू काढले होते. चौदा ठिकाणी मोजमाप आणि चौदा नोंदी करायच्या, तर खिचडी ढवळायची कोणी?

हॅसॅपची कल्पना साधी आहे. अन्न तयार झाल्यावर तपासत बसण्यापेक्षा ते बिघडू शकतं कुठे, हे आधीच हेरायचं आणि तिथे पहारा ठेवायचा. १९६०च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांच्या जेवणासाठी ही पद्धत आकाराला आली. अंतराळात कोणाचं पोट बिघडलं तर डॉक्टर कुठून आणणार? पहारा मात्र थोड्याच जागी हवा. स्वच्छ पाणी, धुतलेले हात, उंदीर न शिरणारी कोठी हा घराचा पाया झाला. तो नसेल तर आराखडा लिहूच नये. बिंदू म्हणजे अशी पायरी, जिथे चूक झाली तर पुढे ती सुधारायला कोणी नाही.

आता ही शाळा घेऊ. पहिली ते पाचवीची २५० मुलं, सहावी ते आठवीची १५०. योजनेच्या प्रमाणानुसार लहानांना माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, मोठ्यांना १५० आणि ३० ग्रॅम. म्हणजे साडेसत्तेचाळीस किलो तांदूळ, साडेनऊ किलो डाळ आणि साधारण अडीच किलो तेल. तीन मोठी पातेली, मोठ्या शेगड्या आणि पाच स्वयंपाकी ताई.

तेलापासून सुरुवात करतो, कारण इथेच देशातली सर्वांत भयंकर घटना घडली. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तपासणीत अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. असं विष कितीही उकळलं तरी निघून जाईल यावर विसंबता येत नाही, म्हणजे पुढची कुठलीच पायरी ही चूक सुधारणार नव्हती. म्हणून माझ्या उत्तरात पहिला बिंदू माल आत घेतानाचा. तेल फक्त मोहोरबंद पिशवीतलं किंवा डब्यातलं, कंपनीचं लेबल शाबूत असलेलं. सुटं तेल, दुसऱ्या कशाच्या डब्यात ओतलेलं तेल किंवा वेगळा वास येणारं तेल आलं, तर परत. वास येतो असं ताईंनी म्हटलं की तो शब्द शेवटचा, मुख्याध्यापकांनीही तो मोडायचा नाही.

दुसरा बिंदू शिजवण्याचा. खिचडी सगळीकडून उकळली आणि मधलं तापमान ७५ अंशांच्या वर गेलं की बहुतेक जंतू मरतात. इथे फार अडचण येत नाही, कारण कच्ची खिचडी मुलं तोंडात घेतच नाहीत. पण सगळे जंतू मरत नाहीत, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. उकळण्यातून ते तगतात. खिचडी ६० अंशांच्या खाली उतरून तशीच रेंगाळली की ते जागे होतात, वाढतात आणि त्यातले काही उलटी घडवणारं विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून 'थंड झाली? मग परत गरम करा', हे घरचं शहाणपण इथे चालत नाही. असं अन्न खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या होतात. डाळीतून आणि मसाल्यातून येणारा दुसरा एक जंतू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, रात्री पोटात मुरडा आणतो. त्याची खूण साधारण आठ तासांनंतर दिसते. मुलांना त्रास किती वेळाने झाला, यावरून जाणत्याला गुन्हेगाराचा अंदाज येतो.

म्हणून तिसरा आणि सर्वांत नाजूक बिंदू शिजल्यापासून ताटात पडेपर्यंतचा. मर्यादा ६० अंश. पण कुठे मोजायचं? बहुतेक जण पातेल्याच्या मधोमध तापमापी खुपसतात. मोठ्या पातेल्यात झाकण ठेवलं तर मधला भाग तासभर नव्वदीच्या आसपास राहू शकतो, तेव्हा आकडा नेहमी छानच येतो. वर्गावर्गात न्यायच्या छोट्या डब्यांत खिचडी काढली की ती भराभर निवते, कारण थोड्या खिचडीला मोठा पृष्ठभाग मिळतो. म्हणून मोजायचं ते शेवटी वाढल्या जाणाऱ्या डब्याच्या कडेला, पत्र्याला लागून. तापमापी बर्फ घातलेल्या पाण्यात शून्य दाखवते की नाही, हे आठवड्यातून एकदा बघायचं.

एक दिवस आखून पाहू. ११.१० ला गॅस बंद, खिचडी ९६ अंश. ११.३० ला डबे भरून ठेवले, कारण नंतर घाई नको. १२.१० ला कडेला ६३. १२.३० ला ५८. सुट्टी १२.४० ला. आता काय करायचं? फेकायची नाही. १२.१० ला ती मर्यादेच्या वर होती, म्हणजे खाली येऊन फार तर वीस मिनिटं झाली. घंटा लगेच वाजवा, अर्ध्या तासात वाढून संपवा आणि उरलेली घरी देऊ नका. पण मधली नोंदच नसती आणि गॅस बंद होऊन दोन तास उलटले असते, तर खिचडी टाकून द्यायला हवी होती. चारशे पोटं उपाशी राहतील, हे खरं. म्हणूनच त्या दिवसासाठी चिक्की, केळी असं काहीतरी कोठीत ठेवण्याची तरतूदही आराखड्यात लिहायची.

दुसऱ्या दिवसासाठी दुरुस्ती बिनखर्चाची आहे. डबे १२.३० लाच भरायचे, तोवर खिचडी झाकलेल्या मोठ्या पातेल्यात. तापमापी मोडली तरी आराखडा बंद पडू नये, म्हणून झाकणावर खडूने गॅस बंद केल्याची वेळ लिहायची. दोन तासांच्या आत शेवटचं ताट वाढून झालं पाहिजे, ही त्या दिवसाची मर्यादा.

आणि चव बघणं? वाढण्याआधी शिक्षकाने खाऊन बघायचा नियम आहे आणि तो हवाच. खवट तेल, रॉकेलचा वास, कच्ची डाळ त्यात कळते. सिरियसचं विष मात्र चवीला लागत नाही.

पालक म्हणून शाळेत गेलात, तर धान्याची नोंदवही मागण्याआधी स्वयंपाकघरात डोकवा. झाकणावर खडूची वेळ दिसते का बघा. नसेल तर ताईंना विचारा, 'गॅस कधी बंद केला?'