बोर्डिंग पासवरचा एकशे छप्पन्नावा दिवस

प्रवासभत्त्याच्या बिलाला जोडलेला बोर्डिंग पासचा फोटो आला, की लेखा विभागातली मुरलेली माणसं आधी तारीख आणि रक्कम निरखतात. मोबाइलवर ‘05’ खोडून ‘12’ बसवणं सोपं आहे, पण नवा आकडा शेजाऱ्यांत मिसळत नाही. तो केसभर वर बसतो, त्याची रेघ जाड असते, किंवा आजूबाजूची अक्षरं पुसट असताना तो एकटाच लख्ख दिसतो.

एवढ्यावरून मात्र कुणाला लबाड ठरवू नये. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या खऱ्या फोटोतही अक्षरं फाटतात. खरी साक्ष बारकोडची.

समजा, एकाने 12 जून 2025 चा पुणे–दिल्ली पास जोडला. बारकोड स्कॅन केल्यावर मजकुराची जी ओळ निघते, तिचा एक तुकडा असा (विमान कंपनीचा संकेत आणि क्रमांक काल्पनिक):

```
PNQDELXX 0123 156Y012A0045
```

‘PNQ’ म्हणजे पुणे, ‘DEL’ म्हणजे दिल्ली. ‘Y’ हा प्रवासाचा वर्ग, ‘012A’ हे आसन, शेवटी चेक-इनचा क्रम. मधला ‘156’ महत्त्वाचा. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नमुन्यात प्रवासाची तारीख वर्षातला कितवा दिवस अशी लिहितात. मे अखेरपर्यंत 151 दिवस होतात, म्हणजे 156 वा दिवस 5 जून. 12 जूनला तिथे 163 हवा होता. गडी गेला होता आठवडाभर आधी, बहुधा स्वतःच्या कामासाठी, आणि तारीख बदलली ती फक्त डोळ्यांना दिसणारी.

गंमत म्हणजे या आकड्यात वर्ष नसतं. 12 जून 2023 चा पास ‘2025’ करून दिला, तर दोन्हीकडे 163 च येईल आणि ही युक्ती फसेल. 2024 चा असेल तर तो सापडतो, कारण लीप वर्षात 12 जून 164 वा दिवस होता.

बारकोडच्या या ओळीत भाडंही नसतं. रक्कम फुगवली असेल तर कंपनीचं जीएसटी बिल मागवून मूळ भाडं आणि कर यांची बेरीज करावी; फुगवणारा बहुतेकदा फक्त एकूण रक्कम बदलतो. शिवाय जाणकार माणूस नवा बारकोडही बनवू शकतो. तो जुळला म्हणून प्रवास सिद्ध होत नाही. मोठ्या रकमेचा क्लेम असेल, तर कंपनीकडून प्रवासाचा दाखला घेणं हाच पक्का मार्ग.

बिल सादर करणाऱ्यांनी एवढं करावं: फोटो किंवा स्क्रीनशॉट न जोडता विमान कंपनीकडून आलेला मूळ ई-मेल पीडीएफसकट जसाच्या तसा पुढे पाठवावा. धूसर फोटोमुळे खरं बिलही अडकून पडतं.