बोटाखालून निसटणारी गाठ

विशी-पंचविशीतल्या मुलीच्या स्तनात गुळगुळीत, रबरासारखी, बोट लावताच बाजूला सरकणारी गाठ लागली, तर ती बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमा असते, म्हणजे साधी गाठ. घरातल्यांना मात्र तेवढ्यात कॅन्सर दिसू लागतो. स्तनांची सोनोग्राफी हेच माझं बरंचसं आयुष्य झालं आहे आणि या गाठीविषयीचं माझं कुतूहल अजून संपलेलं नाही. स्पर्शावरून तिची ओळख जवळजवळ पटते, पण ‘जवळजवळ’ आणि ‘नक्की’ यांच्यामध्ये जे घडतं तेच मला सांगायचं आहे.

आधी ही गाठ येते कुठून ते पाहू. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने दूधवाहिन्यांत रंगीत मेण भरून स्तनाची रचना अभ्यासली आणि 1840 साली त्यावर चित्रांसह ग्रंथ काढला. त्यातली चित्रं मी अनेकदा उघडून बसते. मेणाने भरलेल्या वाहिन्यांना फांद्या फुटत जातात आणि टोकाला बारीक दुग्धपिंडांचे झुबके लागतात. फायब्रोअ‍ॅडिनोमा अशाच एखाद्या झुबक्यापासून वाढतो. त्यात ग्रंथींच्या पेशी असतात, तसे त्यांना धरून ठेवणारे तंतूही असतात. वयात येताना हे झुबके तयार होत असतात, म्हणूनच ही गाठ 15 ते 35 या वयात जास्त दिसते. कार्डिफच्या ह्यूज आणि सहकाऱ्यांनी 1987मध्ये मांडलं, की अशा बऱ्याच गाठी म्हणजे स्तनाच्या नेहमीच्या वाढीतलाच थोडा बिघाड आहे, वेगळा रोग नव्हे. पुढे 2014मध्ये सिंगापूरच्या संशोधकांना निम्म्याहून अधिक फायब्रोअ‍ॅडिनोमांत ‘मेड12’ या एकाच जनुकात बदल सापडला. गर्भाशयातल्या फायब्रॉइडमध्येही हेच जनुक बदललेलं असतं. दोन वेगळ्या अवयवांतल्या, इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या गाठींचं हे नातं मला फार आवडतं. गरोदरपणात ही गाठ फुगते आणि पाळी गेल्यावर आक्रसते, तेही या हार्मोनमुळेच.

आता एका मुलीची हकिकत. वय 26, लग्न ठरलेलं. आंघोळीच्या वेळी डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. सोबत मावशी आली होती. सर्जनने आधी तपासलं होतं. गाठ सुटी होती, वरची कातडी आत ओढलेली नव्हती आणि काखेत काही लागत नव्हतं. चाळिशीच्या आत मी पहिली सोनोग्राफी करते, कारण तरुण स्तनातल्या ग्रंथी दाट असतात. मॅमोग्राफीत त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती झाकली जाते.

मी तिला जरा कुशीवर झोपवलं, हात डोक्यामागे घ्यायला लावला आणि प्रोब ठेवला. पडद्यावर आडवी, लंबगोल, एकसारखी करडी गाठ दिसली. लांबी 2.4 सेंटिमीटर, जाडी 1.3, भोवती पातळ रेषेसारखं आवरण. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा आडवेपणा. साधी गाठ थरांच्या मधून पसरते, कॅन्सर पुष्कळदा थर भेदून उभा वाढतो. स्टॅव्हरोस यांनी 1995मध्ये अशा खुणा नीट मांडल्या आणि त्याआधी सरसकट काढल्या जाणाऱ्या कितीतरी गाठी नुसत्या पाहून सोडता येऊ लागल्या.

मी अहवालात ‘बायरॅड्स 3’ लिहिलं. मावशींचा चेहरा उतरला. “म्हणजे तिसरी स्टेज?” हा घोटाळा नेहमीचा आहे आणि तो अहवाल हातात देतानाच सोडवावा, असं माझं ठाम मत आहे. या 3 चा स्टेजशी काही संबंध नाही. गाठ बहुधा साधी आहे, कॅन्सर निघण्याची शक्यता 2 टक्क्यांहून जास्त नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पंचविशीच्या आत स्पर्श आणि सोनोग्राफी दोन्ही अगदी नमुनेदार असतील, तर सुई न लावताही थांबता येतं. हिचं वय त्यापुढचं, म्हणून सर्जनने कोअर बायोप्सी सुचवली. “सुई लावली की पसरतं म्हणतात,” मावशी म्हणाल्या. सुईमुळे रोग पसरून रुग्णाचं आयुष्य घटतं असं दिसलेलं नाही, आणि नेमकं निदान न होता केलेलं ऑपरेशन जास्त महागात पडतं, हे त्यांना समजावलं. मग जागा बधिर केली, कातडीला दोनेक मिलिमीटरचा छेद दिला आणि 14 गेजच्या सुईने पडद्यावर पाहत चार बारीक तुकडे घेतले. प्रत्येक वेळी स्प्रिंगचा टक् आवाज येतो, त्याची कल्पना आधीच दिलेली बरी. अहवालात फायब्रोअ‍ॅडिनोमा आला.

स्पर्श, चित्र आणि सुई तिन्ही एकच सांगत होते. ‘ट्रिपल असेसमेंट’चं मर्म मला या जुळण्यातच दिसतं. गाठ काढायची गरज नव्हती. गोळ्यांनी ती विरत नाही, त्यामुळे ‘गाठ विरघळवणारं’ औषध कुणी दिलं तर घेऊ नये. 6 महिन्यांनी पुन्हा मापं घ्यायची ठरली. गाठ 3 सेंटिमीटरपुढे गेली, झपाट्याने वाढली किंवा मुलीलाच ती नको वाटली, तर काढता येते. सहा महिन्यांत एखादं माप 20 टक्क्यांहून जास्त वाढलं, तर फायलोड्स गाठीची शंका घ्यावी लागते. सुईच्या लहान तुकड्यात ती फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी दिसू शकते. ती वेगळी ओळखायला हवी, कारण ती पुन्हा उद्भवू नये म्हणून भोवतालच्या निरोगी भागाच्या कडेसकट काढावी लागते.

तिन्ही जुळले नाहीत तर? 31 वर्षांची एक बाई आठवते. बाळ 7 महिन्यांचं, घरात सगळे ‘दुधाची गाठ’ म्हणत होते. सोनोग्राफीत गाठ गोल होती, कडा बऱ्यापैकी गुळगुळीत. घाईत पाहिलं तर फायब्रोअ‍ॅडिनोमाच वाटावा. पण ती रुंद तेवढीच उभी होती आणि हाताला घट्ट लागत होती. बायोप्सीत ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर निघाला. या प्रकाराचे आणि बीआरसीए1 जनुकातल्या दोषामुळे होणारे कॅन्सर असे गोल, सभ्य चेहऱ्याने येतात. याच्या उलटही घडतं. गाठ हाताला दगडासारखी लागते आणि सुईच्या तुकड्यात नुसती चरबी येते. तेव्हा सुईचा नेम चुकला असं समजून बायोप्सी पुन्हा करायची. चांगला अहवाल आला म्हणून फाइल बंद करायची नाही.

सिस्टविषयी थोडक्यात. त्या बहुधा पस्तिशीनंतर दिसतात. आत नुसतं पाणी असेल तर सोनोग्राफीत ती पूर्ण काळी दिसते, मागचा भाग उजळतो आणि तिथे सुईची गरज नसते. दुखत असेल तर पाणी काढतात. ते गवती किंवा हिरवट असतं आणि फेकून दिलं तरी चालतं. पाणी रक्ताळलेलं असेल, काढल्यावरही गाठ उरली किंवा सिस्टच्या आत घन भाग दिसला, तर तपासणी पुढे न्यायलाच हवी.

पाळीआधी स्तन गुठळ्यांसारखे लागतात, म्हणून नुसता दाटपणा वाटत असेल तर पाळीनंतर पुन्हा तपासावं. मात्र वेगळी, ठळक गाठ लागली तर एवढं थांबू नये, तिशी उलटली असेल तर मुळीच नाही. आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. वय काहीही असो, गाठ कडक, वेडीवाकडी आणि घट्ट चिकटलेली असेल, कातडीला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी झाली, निपल नव्याने आत ओढलं गेलं, एकाच स्तनातून आपोआप रक्ताळ स्राव आला, निपलवर न भरणारा इसबासारखा चट्टा उठला किंवा काखेत घट्ट गाठ लागली, तर त्याच आठवड्यात स्तनरोगतज्ज्ञाकडे जावं. आई, बहीण किंवा मावशीला तरुणपणी स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावं. अंगावर पाजणाऱ्या बाईचा स्तन लाल होऊन सुजला आणि अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स घेऊनही उतरला नाही, तर तिला दुसरं अँटिबायोटिक देण्याआधी सोनोग्राफी करायला सांगावं. गळू असेल तर पू काढता येतो, आणि पू नसेल तर तिथली बायोप्सी लगेच घेता येते. त्यासाठी बाळाचं दूध तोडावं लागत नाही.