एका हाताने बूट घालताना

पक्षाघातानंतर एकच हात चालत असेल, तर वेलक्रोच्या बुटाचा पट्टा कडीतून जाऊन उलटा वळतो का, ते आधी पाहावे. कडी पट्ट्याला धरून ठेवते, म्हणून एका हाताने ओढला तरी तो घट्ट बसतो. मात्र तो कडीतून पूर्ण निसटला, तर पुन्हा ओवणे आखडलेल्या बोटांना फार अवघड जाते. बूट दुरुस्त करणाऱ्याकडून पट्ट्याचे टोक दुमडून जाड शिवून घेतले, की ते कडीत अडते.

लेसचेच बूट आवडत असतील, तर इलॅस्टिकची लेस एकदाच ओवून बांधावी. मग लांब शूहॉर्नने पाय आत सरकतो. संध्याकाळी पाय सुजत असतील, तर मोजे काढून पाहावे. लेसखाली वळ उमटले असतील, तर ती काचते आहे. अशांना दिवसात सैल करता येणारा वेलक्रोच बरा. मागून उघड्या सपाता सर्वांत सोप्या खऱ्या, पण त्यांत टाच सुटून तोल जातो.