न घडलेल्या अपघाताचा खटला

१९८४ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन शहरी, आसपासच्या मोजक्या राज्यांतले शाळकरी मुलांचे संघ एकत्र आले आणि त्यांनी कधीच न घडलेल्या घटनेवर खटला चालवला. वकील मुलंच, साक्षीदारही मुलंच. न्यायाधीशाच्या आसनावर आणि गुण देणाऱ्यांच्या खुर्चीवर मात्र खरे कायदेतज्ज्ञ. शालेय अभिरूप न्यायालयाची राष्ट्रीय स्पर्धा इथून सुरू झाली. कल्पना त्याआधीचीच होती. कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून मुलांचे असे खटले होत होते. डे मॉइनमुळे राज्याराज्यांत विखुरलेल्या खेळाला एक मैदान मिळालं, आणि पुढे दर वर्षी वेगळ्या शहराने यजमान व्हायचं, अशी प्रथा पडली.

या चार दशकांकडे पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. बाहेरून हा वक्तृत्वाचा किंवा नाटकाचा प्रकार वाटतो, पण त्याचा कणा आहे तो पुराव्याचा. संघाच्या हाती एक बाड दिलं जातं. त्यात साक्षीदारांचे लेखी जबाब असतात, नकाशा, पावती, छायाचित्र अशा निशाण्या असतात, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या बाबींची यादी असते आणि लागू होणारा कायदा असतो. त्या बाडाबाहेरचं काहीही आणायचं नाही. गाव कल्पित, माणसं कल्पित, आणि साक्षीदारांची नावं बहुधा अशी की ती मुलालाही चालावीत आणि मुलीलाही. एका संघाला वादीची बाजूही तयार करावी लागते आणि प्रतिवादीचीही. सकाळी जो दावा तळमळीने मांडला, तोच दुपारी खोडून काढायची वेळ येते. प्रत्येक बाजूला साधारण तीन वकील आणि तीन साक्षीदार असतात, आणि प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावलेलं असतं.

हे बाड मुलांकडून काय करून घेतं, ते कळायला एक छोटा खटला रचून पाहू. समजा, एका मुलीच्या सायकलला चौकात कुरिअरच्या व्हॅनने धडक दिली आणि तिने कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. वादीचा साक्षीदार म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीतला कामगार. त्याचा जबाब असा: ‘मी काचेजवळ पाव रचत होतो. ब्रेकचा कर्कश आवाज आला म्हणून वर पाहिलं. सायकल आडवी पडली होती, व्हॅन चौकाच्या मध्यावर उभी होती. एक बाई आत धावत आल्या आणि म्हणाल्या, त्याने लाल सिग्नल तोडला.’

नवशिका वकील उभा राहतो आणि आपल्याच साक्षीदाराला विचारतो, ‘व्हॅनने लाल सिग्नल तोडला, हे तुम्ही पाहिलंत ना?’ समोरून लगेच हरकत येते, आणि एका प्रश्नात दोन चुका निघतात. सरतपासात उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही, आणि या माणसाने सिग्नल पाहिलेलाच नाही. तयारीचा वकील तिथे पायरीपायरीने जातो. त्या वेळी तुम्ही कुठे होतात? काय ऐकलंत? वर पाहिल्यावर काय दिसलं? पाहिलेलं, ऐकलेलं आणि अंदाजाने जोडलेलं या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय या साध्या प्रश्नांतून लागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना तीच सर्वांत जड जाते, कारण बोलताना त्या तिन्ही सहज एकमेकींत मिसळतात.

मग येतात त्या बाई. त्या स्वतः साक्षीला नाहीत, त्यांचं वाक्य कामगार सांगतोय. ‘हरकत, ऐकीव पुरावा.’ इथे अनेक संघ गप्प बसतात आणि मुद्दा गमावतात. पण ऐकीव पुराव्याच्या नियमाला अपवाद आहेत. धक्कादायक घटनेच्या तडाख्यात असताना तिच्याविषयी माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य ग्राह्य धरता येतं, कारण त्या क्षणी रचून सांगायला उसंत नसते, असं कायदा मानतो. मात्र हा अपवाद नुसता उच्चारून चालत नाही, त्याचा पाया आधी घालावा लागतो. आवाज ऐकल्यापासून बाई आत येईपर्यंत किती वेळ गेला? त्यांचा आवाज कसा होता, हात थरथरत होते का? हे प्रश्न आधी विचारले असतील, तर न्यायाधीश वाक्य येऊ देतात. विसरले असतील, तर ‘हरकत मान्य’ एवढंच ऐकू येतं आणि वादीचा सगळ्यांत मोठा आधार निसटतो.

उलटतपासाची शिस्त वेगळी. प्रतिवादीची वकील विचारते: तुम्ही पाव रचत होतात? नजर पावांकडे होती? वर पाहिलंत ते आवाज आल्यावर? तोवर सायकल पडलेली होती? चार वेळा ‘हो’ मिळालं की खाली बसायचं. पण मोह होतो पाचव्या प्रश्नाचा: ‘मग सिग्नल कुठला होता, हे तुम्हाला कसं कळलं?’ त्या प्रश्नाने साक्षीदाराला मोकळं रान मिळतं. उलटतपासात बाडात उत्तर नसलेला प्रश्न विचारला, तर साक्षीदाराला जबाबाशी विसंगत नसलेलं उत्तर द्यायला वाव मिळतो. ‘वर पाहिलं तेव्हा समोरच्या बाजूच्या गाड्या सुटायला लागल्या होत्या’ असं तो सांगून जातो, आणि विचारणाऱ्याला ते ऐकून घ्यावं लागतं.

उलट, साक्षीदार आपणहून काही महत्त्वाचं रचू लागला, तर तो या खेळातला मोठा दोष. सरतपासात कामगार म्हणाला, ‘ड्रायव्हरच्या हातात फोन होता’. जबाबात फोनचा पत्ताच नाही. अशा वेळी न्यायाधीशाकडे तक्रार करता येते, पण त्याहून देखणा उपाय उलटतपासातच असतो. वकील जबाबाची प्रत आधी समोरच्या वकिलांना दाखवते, मग परवानगी घेऊन साक्षीदारापाशी जाते. ही सही तुमची? आठवत होतं ते सगळं लिहिलं, असं यात म्हटलंय ना? यात फोन हा शब्द कुठे आहे, दाखवा. आवाज चढवायची गरज पडत नाही. ज्या संघाला हे शांतपणे जमतं तो तयारीचा आहे, हे जाणकारांना तिथेच कळतं.

मराठी वाचकाला अभिरूप न्यायालय म्हटलं की विजय तेंडुलकरांचं १९६७ सालचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवणारच. त्या नाटकात वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला सोबतच्याच बाईच्या खऱ्या आयुष्यात घुसतो, आणि ऐकीव, अर्धवट, कुजबुजलेलं सगळं पुरावा म्हणून पुढे येतं. अमेरिकन शाळांनी आखलेली चौकट नेमकी ती वाट बंद करते. खोलीतल्या कुणाचंच आयुष्य पणाला लागलेलं नसतं आणि बाडाबाहेरचं वाक्य टिकत नाही. खटला कल्पित असण्याचा मोठा फायदा हाच आहे.

न्याय्यतेची खरी परीक्षा मात्र या स्पर्धेला खटल्यांबाहेर द्यावी लागली. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे न्यू जर्सीचा विजेता म्हणून एका ज्यू शाळेचा संघ आला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तानंतरपर्यंत शब्बाथ असल्याने त्यांना त्या वेळात उतरता येत नव्हतं. यजमानांनी वेळापत्रक हलवलं आणि संघ खेळला. पण त्यानंतर राष्ट्रीय मंडळाने पुढे अशी सोय करायची नाही, असं ठरवलं. न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना ही राज्यं बाहेर पडली आणि त्यांच्या पुढाकाराने एक वेगळी निमंत्रितांची स्पर्धा सुरू झाली.

प्रश्न मिटला नव्हताच. २००९ मध्ये अटलांटाच्या स्पर्धेसाठी मॅसॅच्युसेट्सहून पुन्हा एका ज्यू शाळेचा संघ पात्र ठरला आणि मंडळाने पुन्हा नकार दिला. या वेळी स्पर्धा ज्या न्यायालयाच्या इमारतीत व्हायची होती, तिथल्या मुख्य न्यायाधीशांनीच कळवलं की सोय होणार नसेल, तर इमारत मिळणार नाही. वेळापत्रक बदललं. सगळ्यांना एकच वेळ म्हणजे न्याय, असं मंडळ म्हणत होतं. फेऱ्यांच्या जोड्या निकालांवरून ठरतात, त्यामुळे एका संघासाठी वेळ हलवली की बाकीच्यांचंही गणित बिघडतं, ही अडचण खरी होती. तरी पात्र ठरलेल्या मुलांना त्यांच्या श्रद्धेपायी दारात थांबवणं न्याय्य नव्हतं. मुलांना दोन्ही बाजू ऐकायला शिकवणाऱ्या संस्थेने ते स्वतःहून मानायला हवं होतं.

मुलांच्या बोलण्यावर परिणाम करणारा एक बदल शांतपणे झाला. स्पर्धेचे पुराव्याचे नियम अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांवर बेतलेले आहेत, आणि ते मूळ नियम १९७५ पासूनचे, लांबलचक वाक्यांचे. १ डिसेंबर २०११ पासून त्यांची नव्याने लिहिलेली आवृत्ती लागू झाली. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली गेली. मसुद्याच्या भाषेचे सल्लागार होते साध्या कायदेशीर भाषेचे पुरस्कर्ते प्राध्यापक जोसेफ किम्बल. हा सोपा मजकूर शालेय नियमांतही आला. हरकतीला उत्तर द्यायला काही सेकंदच असतात. अशा वेळी नियम एका श्वासात सांगता येणं ही मुलांसाठी मोठीच सोय.

२०२० ची इव्हान्सव्हिलची स्पर्धा महासाथीमुळे रद्द झाली. पुढच्या वर्षी त्याच यजमानांनी ती पडद्यावर घेतली, २०२२ चीही तशीच झाली आणि २०२३ मध्ये लिटल रॉकला संघ पुन्हा समोरासमोर आले. पडद्यावर निशाणी हाती देणं नव्हतं, साक्षीदारापर्यंत चालत जाणं नव्हतं. दोघे एकदम बोलले की हरकत ऐकूच यायची नाही, म्हणून वाक्य संपवून थांबण्याला वेगळी किंमत आली.

गुणदानाची अडचण मात्र पहिल्यापासून तशीच आहे. गुण देणारे प्रत्येक भूमिकेला दहापैकी गुण देतात, खटला कुणाच्या बाजूने लागायला हवा होता याला नव्हे. त्यामुळे कमकुवत बाजू लढवलेला संघही फेरी जिंकतो. पण एकाच उलटतपासाला एकजण नऊ देतो आणि शेजारी बसलेला सहा. कुणाला धारदार प्रश्न आवडतात, कुणाला साक्षीदाराशी सौम्यपणे वागणं. म्हणून एका फेरीला एकाहून अधिक गुणदाते बसवतात, आणि फेरी संपल्यावर ते कुठला प्रश्न कुठे थांबायला हवा होता, हे मुलांना सांगतात.