चारशे पानांची यादी तपासताना

लग्नाचं जेवण दोन प्रकारे ठरतं. एकात किराणा आपण भरायचा आणि आचाऱ्याला मजुरी द्यायची. दुसऱ्यात केटररला ताटामागे ठरावीक दर द्यायचा. घोटाळा दोन्हीकडे होतो, पण वेगवेगळ्या जागी.

आचारी बहुतेक शंभर पानांचा हिशेब ठेवतो आणि चारशे पाहुण्यांसाठी त्याची चौपट करतो. तांदळाला हे चालतं. पुरी आणि गोड असलेल्या जेवणात मसालेभात आणि साधा भात मिळून माणशी ८० ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो, कारण शिजल्यावर तो अडीच-पावणेतीन पट होतो. म्हणजे चारशे पानांना ३२ किलो. यादीत ५० किलो दिसले, तर माणशी सव्वाशे ग्रॅम पडतात. शिजलेला तेवढा भात पुरी-श्रीखंडानंतर कोणी संपवत नाही. कणकेचंही असंच बघा. एक किलो कणीक भिजवली की लहान आकाराच्या साधारण ६० पुऱ्या होतात. माणशी चार धरल्या तर १६०० पुऱ्यांना २७ किलो.

तेलाला मात्र चौपट लागू नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. तेलाचे दोन भाग असतात: कढई भरायला लागणारं आणि पुऱ्यांनी प्यायलेलं. समजा, शंभर पानांना कढईत ८ किलो तेल भरलं आणि चारशे पुऱ्यांनी दीड-दोन किलो ओढलं. एकूण १० किलो. चारशे पानांसाठी यादीत ४० किलो येतं. प्रत्यक्षात ओढलं जाणारं तेल तेवढं चौपट होतं, म्हणजे सहा ते आठ किलो. कढई तीच राहते. घाईसाठी दोन कढया लावल्या तरी सगळं मिळून २३ किलोच्या आसपास जातं. तेव्हा आचाऱ्याला एकच विचारावं: कढया किती आणि एकीत तेल किती? शिवाय उरलेलं तेल घरी आणायचं, हे आधीच बोलून घ्यावं.

ताटाच्या दरात फसवतो तो हमीचा आकडा. दर ३५० रुपये आणि हमी ४०० पानांची, म्हणजे १,४०,००० रुपये नक्की. जेवायला ३३० माणसं आली, तर खरं ताट ४२४ रुपयांना पडलं. त्यापेक्षा ३२० पानांची हमी आणि वर लागली तर त्याच दराने तीस-चाळीस पानांची तयारी, असं लिहून घेतलं तर त्याच ३३० माणसांचे १,१५,५०० होतात. निमंत्रणाच्या यादीवरून हमी देऊ नये. एका पत्रिकेवर किती माणसं खरंच जेवायला येतील ते घरातल्या जाणत्यांसोबत बसून मोजावं.

बुफेत पानं दिसत नाहीत. म्हणून वाढणी सुरू होण्याआधी ताटं मोजून ठेवायची आणि शेवटी उरलेली वजा करायची. धुतलेली ताटं पुन्हा मांडली जाणार असतील तर ही मोजणी चुकते, तेव्हा एक नातेवाईक ताटांजवळ बसवावा. बँडवाले, ड्रायव्हर आणि वाढपी यांची पानं हिशेबात धरायची की नाही, हेही त्याच कागदावर लिहावं.