दोनच्या जागी चार

२ चं वर्गमूळ अपरिमेय का, याची सिद्धता मुलं घडाघडा लिहितात. मी त्यांना तीच, चिन्हं न वापरता, चार-पाच वाक्यांत सांगायला लावते. यंदा एका मुलीनं लिहिलं: ‘ते वर्गमूळ अपूर्णांक मानलं, तर अंश आणि छेद दोन्ही सम निघतात. हे अशक्य आहे, म्हणून ते अपरिमेय.’

मी फळ्यावर ६/४ लिहिलं आणि विचारलं, यात अंश-छेद दोन्ही सम आहेत, मग हा अपूर्णांक अशक्य का? ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, आपण आधीच अतिसंक्षिप्त रूप घेतलं होतं.” तेच गळलं होतं. कुठल्याही अपूर्णांकाला असं रूप देता येतं, म्हणून ते गृहीत धरायची मुभा आहे. पण ते पहिल्याच वाक्यात यायला हवं. दोन्ही सम निघणं विसंगत ठरतं ते केवळ त्याच्यामुळे.

दुसरी गळती शोधायला जास्त अवघड असते. दुसऱ्या एकानं लिहिलं होतं, ‘अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंशाला २ ने भाग जातो.’ निष्कर्ष बरोबर आहे, पण भाग जातो तो आधी अंशाच्या वर्गाला; वर्गावरून अंशावर यायला कारण लागतं. मी त्याला २ च्या जागी ४ घालून तेच वाचायला सांगितलं. अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या चौपट, म्हणून अंशाला ४ ने भाग जातो. मग त्याच वाटेनं छेदालाही जातो. म्हणून ४ चं वर्गमूळ अपरिमेय! ते तर २ आहे. वर्गात एकदम गलका झाला. चूक कुठे, हे ६ घेऊन कळलं: ३६ ला ४ ने भाग जातो, ६ ला जात नाही. २ च्या बाबतीत असं होत नाही, कारण विषम संख्येचा वर्ग विषमच असतो. हे अर्धं वाक्य गाळलं, तर सिद्धता उरत नाही.

शेवटी वहीत उतरलं ते असं: ‘समजा, २ चं वर्गमूळ हा अतिसंक्षिप्त रूपातला अपूर्णांक आहे. मग अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे सम. विषम संख्येचा वर्ग विषम असतो, म्हणून अंश सम. सम अंशाच्या वर्गाला ४ ने भाग जातो, म्हणून त्याच्या निम्मा असलेला छेदाचा वर्गही सम आणि त्याच कारणानं छेदही सम. मग अपूर्णांक अतिसंक्षिप्त नव्हता, हे गृहीताच्या विरुद्ध आहे.’

यात छेदाचं वाक्य अंशाच्या आधी नेता येत नाही, कारण छेद सम ठरतो तो अंश सम ठरल्यावरच. तुम्ही सारांश लिहिलात, तर त्यात एकदा ४ घालून वाचा. कुठेही न अडता शेवटपर्यंत गेलात, तर एक कारण लिहायचं राहिलं आहे.